मान कललेल्या फोटोत दुसऱ्या फोटोतला चेहरा कसा बसवावा? (पुरात खराब झालेला जोडफोटो)

राजारामपुरी_स्टुडिओ

नमस्कार. गेले 3 आठवडे मी एकाच कामात अडकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांपैकी एका घरातला हा फोटो आहे. 1994 साली स्टुडिओत काढलेला नवरा-बायकोचा बसलेला जोडफोटो असून वडिलांची बाजू जवळजवळ शाबूत आहे. आईच्या चेहऱ्यावरचा थर मात्र फ्रेमच्या काचेला चिकटून निघून आला. डोळे, नाक आणि ओठ पूर्ण गेले आहेत. भांग, कपाळाचा वरचा भाग, पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूचा कान व त्यातली कुडी, हनुवटीची कड, गालांच्या बाह्यरेषा, मान आणि गळ्यातला साज एवढे शिल्लक आहे. आई आता हयात नाहीत. वडिलांच्या पंचाहत्तरीला हा फोटो पुन्हा भिंतीवर लागावा, अशी मुलीची इच्छा आहे.

त्याच सुमाराचा आईंचा एकच स्वच्छ चेहरा मिळाला. तो 1999 च्या एका लग्नातल्या 4 × 6 इंची प्रिंटवर आहे. मी ती प्रिंट 1200 डीपीआयला स्कॅन केली, तेव्हा चेहऱ्याची उंची सुमारे 945 पिक्सेल आली. जुना फोटो 600 डीपीआयला स्कॅन केल्यावर तिथली चेहऱ्याची जागा सुमारे 709 पिक्सेल उंचीची आहे, म्हणजे चेहरा पाऊणपट लहान करावा लागतो आणि बारकावा कमी पडत नाही.

अडचण मानेची आहे. लग्नातल्या फोटोत डोळ्यांची रेषा पाहणाऱ्याच्या उजवीकडे 11 अंश उतरते. जुन्या फोटोत, जे उरले आहे त्यावरून, मान डावीकडे 4 अंश कललेली दिसते. मी चेहरा 15 अंश फिरवला, लहान केला आणि गालाची कड जुळेना म्हणून वार्पची जाळी घेऊन उजवा गाल आत ढकलला. कडा अगदी नेमक्या जुळल्या. मुलीने पाहिले आणि ती म्हणाली, “सगळं आईचं आहे, पण ही आई नाही.” चेहऱ्यावर मुखवटा चढवल्यासारखे मलाही दिसते, पण नेमके काय चुकले ते बोट ठेवून सांगता येत नाही.

पन्नास_एमएम

आपल्याला मिळालेला चेहरा लग्नातल्या साध्या कॅमेऱ्यावरचा आहे, त्याला वाइड लेन्स असते. स्टुडिओत लांब फोकल लेंथची लेन्स वापरतात. वाइड लेन्सने नाक मोठे आणि कान लहान येतात. आधी लेन्स करेक्शन करून घ्यावे, मग लिक्विफायमधल्या चेहऱ्याच्या स्लायडरने नाकाची रुंदी कमी करावी आणि जबडा थोडा आत घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे असे की, चेहरा उजवीकडे कललेला असताना डावीकडे हवा असेल, तर 15 अंश फिरवण्याची गरजच नाही. आडवा उलटा करा, म्हणजे 11 अंशांची कलती मान हव्या त्या बाजूला येते आणि केवळ 7 अंश सरळ करायचे उरतात.

पन्हाळा_वारा

मला पन्हाळ्यावरच्या इमारतींचे फोटो काढताना हीच अडचण येते. भिंती वरच्या बाजूला आत झुकलेल्या दिसतात. फोटोशॉपमधील पर्स्पेक्टिव्ह वार्प घ्यावे, चार कोपरे भिंतीच्या कडांवर बसवावेत आणि उभ्या रेषा सरळ करणारे बटण दाबावे. चेहऱ्यालाही चौकट आखून हेच करता येईल, असे वाटते.

राजारामपुरी_स्टुडिओ

@पन्हाळा_वारा, आपण सांगितले ते मी करून पाहिले. कपाळ आणि हनुवटी यांची रुंदी बदलली, पण नाक होते तिथेच राहिले. भिंत सपाट असते म्हणून तिला ते चालते, असे मला वाटते.

@पन्नास_एमएम, उलटा केलेला चेहरा मी मुलीला दाखवला होता. तिने पहिल्या क्षणी नाकातल्या चमकीकडे बोट दाखवले. ती डाव्या नाकपुडीतून उजवीकडे गेली होती. चमकी हलवता येईल, पण आईंची एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर आहे आणि हसू एका बाजूला अधिक आहे. ते सगळेच उलटे झाले.

लाल_दिवा

मी 1980 पासून 20 वर्षे निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग केले आणि नंतर हेच काम संगणकावर आणले, म्हणून थोडे लांब लिहिते.

प्रथम उलटे करण्याविषयी. लग्नातला फोटो समोरच्या फ्लॅशने काढलेला असेल, तर उलटे केल्याने प्रकाशाची दिशा फारशी बिघडत नाही. त्या अर्थी सूचना अगदी चूक नव्हती. परंतु घरच्या माणसांनी तो चेहरा आयुष्यभर एकाच बाजूने पाहिलेला असतो. परक्या माणसाला उलटा चेहरा कळत नाही, मुलीला तो अर्ध्या क्षणात कळतो. जोडफोटोच्या कामात मी चेहरा कधीही उलटा करत नाही.

आता लेन्सविषयी. नाक मोठे दिसणे हे लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होते. वाइड लेन्सने चौकट भरण्यासाठी माणूस जवळ जातो, म्हणून दोष लेन्सच्या माथी येतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली साधारण 12 सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून 1 मीटरवर असेल तर नाकाच्या तुलनेत कान 112 सेंटिमीटरवर आहे, म्हणजे नाक त्याच्या मानाने 12 टक्के मोठे येते. स्टुडिओत कॅमेरा 3 मीटरवर असेल तर हाच फरक 4 टक्के असतो. आपल्या कामात कान जुन्या फोटोतलाच राहणार आहे, त्यामुळे प्रश्न केवळ डोळे आणि नाक यांच्यातल्या फरकाचा उरतो आणि तो 3 टक्क्यांपेक्षाही कमी आहे. नाकाची रुंदी अगदी किंचित कमी करणे पुरेसे आहे. हे आपले मूळ दुखणे नाही.

मूळ दुखणे असे की, मान कलणे ही एक गोष्ट नसून त्यात तीन हालचाली मिसळलेल्या असतात. मान खांद्याकडे झुकते, चेहरा उजवी-डावीकडे वळतो आणि हनुवटी वर-खाली होते. पहिली हालचाल कागदाच्या पातळीतच असते, म्हणून फिरवण्याच्या साधनाने ती बिनचूक सुधारते. तीत काही ताणावे लागत नाही. उरलेल्या दोन हालचालींत चेहऱ्याचा जो भाग जितका पुढे आलेला, तितका तो अधिक सरकतो. आपण पहिली हालचाल सुधारली आणि राहिलेला फरक गालाच्या कडेला ढकलून मिटवला. कड जुळली, पण नाक, ओठ आणि डोळे जुन्या दिशेलाच पाहत राहिले. त्यामुळे चेहऱ्याची चौकट एकीकडे वळलेली आणि आतला माणूस दुसरीकडे पाहणारा, असे झाले आहे.

दोन गोष्टी मोजून इथे लिहाव्यात. जुन्या फोटोत भांगाचे पुढचे टोक आणि हनुवटीचा मध्य जोडणारी रेषा ओढा, आणि गालाच्या हाडाच्या उंचीला त्या रेषेपासून दोन्ही कडांपर्यंतचे अंतर मोजा. हेच लग्नातल्या चेहऱ्यावरही करा.

शाळेचा_फोटो

मी दरवर्षी शाळांचे वर्गाचे फोटो काढतो. एखाद्या मुलाचे डोळे मिटलेले असतील तर दुसऱ्या फ्रेममधले डोके आणून बसवतो आणि मला वार्पची गरज क्वचितच पडते. ट्रायपॉड हलवायचा नाही आणि प्रत्येक रांगेचे किमान पाच फोटो घ्यायचे, एवढेच पथ्य मी पाळतो. मान थोडी वेगळी असेल तर केवळ फिरवतो, मात्र फिरवण्याचा मध्यबिंदू चेहऱ्याच्या मध्यावर ठेवत नाही. मध्यावर ठेवला तर हनुवटी मानेवरून घसरून बाजूला जाते. तो बिंदू कानाच्या पाळीच्या उंचीला, मानेच्या मध्यावर आणून ठेवावा. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हा बिंदू दिसतच नाही. `Ctrl+T` दाबल्यावर वरच्या पट्टीतल्या खुणेच्या चौकोनात टिचकी मारली की तो दिसू लागतो.

राजारामपुरी_स्टुडिओ

@शाळेचा_फोटो, हनुवटी घसरण्याचे कारण आज कळले. मी तो घसरलेला भागही वार्पने ओढून परत आणला होता, म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक चढवली होती.

@लाल_दिवा ताई, मोजमाप केले. जुन्या फोटोत मध्यरेषेपासून पाहणाऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत 59 भाग आणि उजव्या कडेपर्यंत 41 भाग येतात. लग्नातल्या चेहऱ्यात 53 आणि 47. याचा अर्थ चेहरा दोन्ही फोटोंत एकाच बाजूला, उजवीकडे, वळलेला आहे, पण जुन्या फोटोत तो जास्त वळलेला आहे. किती अंशांनी, ते यावरून कसे ओळखावे?

लाल_दिवा

कागदावर गणित करता येते, पण प्रत्येक चेहऱ्याची ठेवण वेगळी असते, म्हणून मी माणूस बसवून पाहते. स्टुडिओत खुर्ची ठेवा, कॅमेरा 3 मीटरवर लावा, आणि खुर्चीवर बसलेल्याला दिसेल अशा रीतीने कॅमेऱ्याच्या एका बाजूला, कॅमेऱ्याच्याच रेषेत, 21, 42, 64 आणि 86 सेंटिमीटरवर चिकटपट्टीच्या खुणा करा. तोंड पूर्णपणे त्या खुणेकडे वळवले की चेहरा अनुक्रमे 4, 8, 12 आणि 16 अंश वळलेला असतो. केवळ डोळे वळवून चालणार नाही, नाक खुणेकडे गेले पाहिजे. आईंच्या चेहऱ्याच्या ठेवणीशी जुळणारे घरातले कोणी असेल तर त्यांनाच बसवा. मग प्रत्येक फोटोत हेच अंतर मोजून पाहा.

राजारामपुरी_स्टुडिओ

आज मुलगीच येऊन बसली. चिकटपट्टीच्या चार खुणा, प्रत्येक खुणेचे दोन फोटो काढले. 64 सेंटिमीटरच्या खुणेवर 60 आणि 40 आले, 21 च्या खुणेवर 53 आणि 47. म्हणजे जुना फोटो 12 अंशांच्या जवळ आणि लग्नातला 4 अंशांच्या जवळ आहे. फरक 8 अंशांचा.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. लग्नातल्या फोटोत नाकपुड्या स्पष्ट दिसतात आणि नाक व वरचा ओठ यांच्यातले अंतर जास्त वाटते. मुलीने हनुवटी थोडी वर केली तेव्हा तिचाही चेहरा तसाच दिसला. फोटो काढणारा उभा होता आणि आई खुर्चीवर बसून वर पाहत होत्या, म्हणून हनुवटी वर असावी, असे मला वाटले होते. पण उभ्या माणसाकडे वर पाहिले तर चेहरा कॅमेऱ्याला सरळच दिसायला हवा ना?

लाल_दिवा

आपला तर्क बरोबर आहे. मान आणि कॅमेरा यांच्यातला कोन महत्त्वाचा, जमिनीशी असलेला नव्हे. नाकपुड्या दिसत आहेत, म्हणजे कॅमेरा ज्या उंचीवर आहे त्याच्याही वर आईंचा चेहरा रोखलेला आहे. कदाचित त्या फोटो काढणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या कोणाकडे पाहत असतील. किती अंश, हे मुलीच्या फोटोंवरून ठरवा. फरक साधारण 5 अंश निघेल असा माझा अंदाज आहे.

रंगपेटी

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि वार्पमधले मला फारसे कळत नाही, पण डोके काढायला शिकवताना आम्ही अंड्यावर रेषा काढून दाखवतो. अंडे समोर धरले की डोळ्यांची आणि ओठांची रेषा सरळ दिसते. अंड्याचे वरचे टोक मागे झुकवले की दोन्ही रेषा मध्यभागी वर उचलल्या जातात आणि टोके खाली येतात. हनुवटी वर असलेल्या चेहऱ्यात ओठांची कडा याच कारणाने अधिक कमानदार दिसते. नाक आणि ओठ सरळ खाली सरकवले आणि ओठांची टोके मूळ जागी तशीच ठेवली, तर ही कमान आपोआप कमी होईल. नुसता ओठांचा सगळा पट्टा खाली आणला तर कमान तशीच राहील आणि आई किंचित नाराज दिसतील, अशी मला भीती वाटते.

लाल_दिवा

सरांनी फार मोलाचे सांगितले. ओठांच्या मध्याला आणि टोकांना वेगवेगळ्या खिळ्या हव्यात, हे मी पुढच्या हिशेबात धरते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. केलेले सगळे बाजूला ठेवा आणि मूळ स्कॅनपासून सुरू करा, कारण प्रत्येक वेळी फिरवणे, लहान करणे, ओढणे यांत चित्र पुन्हा नव्याने मोजले जाते आणि त्वचेचा पोत विरघळत जातो. चेहऱ्याचा लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा. पहिल्यांदा त्याला केवळ 11 अंश फिरवून डोळ्यांची रेषा आडवी करा. लहान करू नका. मग त्याच लेयरला पुन्हा स्मार्ट ऑब्जेक्ट करा. आता चेहरा सरळ उभा आहे, त्यामुळे वळवणे म्हणजे आडवे सरकणे आणि हनुवटी उतरवणे म्हणजे उभे सरकणे, इतके सोपे होते. कललेल्या चेहऱ्यावर वार्प केले तर प्रत्येक खिळी तिरकी ओढावी लागते आणि तिथेच हात चुकतो.

लग्नातल्या चेहऱ्यात डोळ्यांच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांमधले अंतर मोजा. माणसात ते साधारण 9 सेंटिमीटर असते. आपल्याकडे ते किती पिक्सेल येते, त्यावरून 1 सेंटिमीटर म्हणजे किती पिक्सेल ते कळेल.

राजारामपुरी_स्टुडिओ

480 पिक्सेल.

लाल_दिवा

म्हणजे 1 सेंटिमीटरला सुमारे 53 पिक्सेल. नाकाचे टोक डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपेक्षा साधारण 4 सेंटिमीटर पुढे असते, ओठ 3, हनुवटी अडीच आणि डोळ्यांचे आतले कोपरे जेमतेम 1. चेहरा 4 अंशांवरून 12 अंशांवर नेताना प्रत्येक भाग आपल्या पुढेपणाच्या सुमारे 14 टक्के बाजूला सरकतो. त्यामुळे नाकाचे टोक 30 पिक्सेल, ओठांचा मध्य 22, हनुवटी 18 किंवा 19 आणि डोळ्यांचे आतले कोपरे 7 पिक्सेल उजवीकडे जातील. हनुवटी 5 अंश उतरवताना हाच हिशेब सुमारे 9 टक्क्यांचा होतो, म्हणजे नाकाचे टोक 18 किंवा 19 पिक्सेल खाली, ओठांचा मध्य 14 आणि हनुवटी 12. चेहऱ्याची एकूण रुंदी या सगळ्यात 2 टक्के कमी होते. ती विसरलात तरी चालेल. आपण मात्र उजवा गाल ढकलून नेमके तेवढेच केले होते.

यासाठी पपेट वार्प घ्या, `Mode` हे `Normal` आणि `Density` हे `More Points` ठेवा. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर आणि भुवयांच्या टोकांवर खिळ्या मारा. त्या हलवायच्या नाहीत. मग नाकाचे टोक, नाकाचा वरचा पूल, ओठांचा मध्य, ओठांची दोन्ही टोके आणि हनुवटी. पूल फारसा पुढे नसतो, म्हणून तो 10 पिक्सेलच्या आसपास सरकवा, नाही तर नाक वाकडे झाल्यासारखे दिसेल. ओठांची टोके मागे गेलेली असतात, त्यांना मध्यापेक्षा कमी सरकवा. सरांनी सांगितलेली कमान तिथेच सुधारते. खिळ्या मारण्याआधी प्रत्येक जागेवर मार्गदर्शक रेषा ओढून ठेवल्या म्हणजे किती सरकले ते डोळ्यांसमोर राहते.

हे झाल्यावर डोळ्यांच्या बुबुळांवर शिफ्ट धरून एक गोल काढून ठेवा. बुबुळ त्या गोलात बसत नसेल, अंडाकृती झाले असेल, तर खिळ्यांचा ताण डोळ्यांपर्यंत पोचला आहे असे समजा आणि डोळ्यांभोवती आणखी खिळ्या मारा. बाकी चेहरा चुकला तर चुकल्यासारखा वाटतो, बुबुळ चुकले तर माणूसच परका दिसतो.

जिंप_वापरकर्ता

माझ्याकडे फोटोशॉप नाही. जिंपमधल्या केज ट्रान्सफॉर्मने चेहऱ्याच्या कडेभोवती कुंपण घालून कड ओढता येते, पण आतले नाक नेमके तेवढेच सरकवता येत नाही. वार्प ट्रान्सफॉर्मचा मोठा ब्रश घेऊन नाकाच्या टोकावरून हळूहळू ढकलल्यास ताईंच्या आकड्यांजवळ पोचता येते. ब्रशचा व्यास नाकाच्या रुंदीच्या दुप्पट तरी असावा; लहान ब्रशने नाकाला खळगे पडतात.

पन्नास_एमएम

अंतराविषयी मी चुकीचे समजत होतो, हे मान्य. तरी एक शंका राहते. मी एका ग्राहकाचा चेहरा 20 अंशांपर्यंत वार्पने वळवला होता आणि त्यांना तो पसंत पडला. 8 अंशांसाठी एवढा हिशेब करण्याची खरोखर गरज आहे का?

लाल_दिवा

ग्राहकाला पसंत पडले असेल, त्यावर मी काय बोलणार. माझा स्वतःचा नियम 10 अंशांचा आहे. त्यापलीकडे दूरचा गाल नाकाआड जाऊ लागतो आणि जवळच्या बाजूचा, मूळ फोटोत न दिसलेला भाग दिसायला हवा असतो. वार्प असलेले पिक्सेल हलवते. जे कॅमेऱ्याने टिपलेच नाही ते आणू शकत नाही. नाकपुड्यांचेही तसेच आहे. हनुवटी उतरवल्यावर त्या झाकल्या जायला हव्यात, पण वार्पने त्या केवळ दबतात, काळ्या चिरेसारख्या उरतात. त्या ब्रशने रंगवून झाकाव्या लागतील, आणि ते आपल्या कामात करावेच लागेल.

शाळेचा_फोटो

20 अंश मीही केले आहेत, पण लहान मुलांच्या चेहऱ्यावर. त्यांचे नाक पुढे आलेले नसते, त्यामुळे कमी सरकवावे लागते. मोठ्या माणसावर मी धजत नाही. तेव्हा मर्यादा सगळ्या चेहऱ्यांना सारखी धरावी, हे मला पटत नाही.

राजारामपुरी_स्टुडिओ

काल रात्री आणि आज सकाळी मिळून सांगितल्याप्रमाणे केले. शेवटी बाहेरच्या स्मार्ट ऑब्जेक्टला 75 टक्के करून, मध्यबिंदू मानेवर ठेवून, 4 अंश डावीकडे झुकवले.

पहिल्या प्रयत्नात नाक 30 पिक्सेल सरकले, पण पुलावर खिळी मारायला विसरलो होतो आणि नाक मोडल्यासारखे दिसले. दुसऱ्या वेळी बरोबर आले. बुबुळांची गोलाकार चाचणी केली, तेव्हा उजवे बुबुळ आडवे ताणलेले निघाले. डोळ्याच्या खालच्या पापणीवर दोन खिळ्या वाढवल्यावर ते सुधारले. ओठांचा मध्य 14 पिक्सेल खाली आणि टोके केवळ 6 पिक्सेल खाली नेली, तेव्हा कमान उतरली आणि चेहरा शांत झाला. हे रंगपेटी सरांमुळे जमले. नाकपुड्या 30 टक्के अपारदर्शकतेच्या ब्रशने, शेजारच्या त्वचेचा रंग घेऊन, चार-पाच हलक्या फटकाऱ्यांत मिटवल्या.

कान, भांग आणि हनुवटीची खालची कड जुन्या फोटोतलीच ठेवली. मास्कची कड मी भुवयांच्या बाहेरून, गालाच्या उतारावरून आणि हनुवटीच्या वरून नेली आहे. हनुवटीची सावली साजावर जशी पडली होती तशीच राहिली आणि त्यामुळे चेहरा मानेवर टेकलेला वाटतो.

मुलीला दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हां, आता आई बाबांकडे वळून बसलीय.” माझ्या मनात चेहरा बारा अंशांवर होता, तिच्या मनात तो वडिलांच्या बाजूला होता. मुलगा मात्र म्हणतो की हसू लग्नातले आहे, स्टुडिओत आई अशा हसत नसत.

रंगपेटी

लग्नातल्या हसण्यात गाल वर चढलेले असतात आणि खालची पापणी फुगते. केवळ ओठ मिटवून ते हसू जात नाही. ओठ मिटवले आणि गाल तसेच ठेवले, तर मुलगा म्हणतो त्याहून अधिक विचित्र दिसेल.

लाल_दिवा

हसण्याला हात लावू नये, असे माझे मत आहे. वळण आणि झुकाव हे हाडांचे असतात, त्यांचा हिशेब होतो. हसू स्नायूंचे असते, आणि त्या माणसाचे स्नायू कसे हलत ते आपण पाहिलेले नाही. लिक्विफायमध्ये हसण्याचा स्लायडर आहे, तो उलटा फिरवला की कोणाचेही ओठ सारखेच उतरतात. मुलाला हवे असेल तर फार तर 5 पर्यंत उतरवून दाखवा, आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रिंटच्या मागच्या बाजूला “चेहरा 1999 च्या छायाचित्रावरून” असे पेन्सिलने लिहून द्यावे. पुढच्या पिढीने हा फोटो 1994 चा जसाच्या तसा समजू नये. मूळ खराब झालेली प्रिंटही त्यांना परत द्या, काचेवर चिकटलेला थर असेल तर काचेसकट.

जिंप_वापरकर्ता

पोताविषयी कोणी बोलले नाही. जुन्या फोटोचे दाणे आणि लग्नातल्या प्रिंटचे दाणे वेगळे असणार. मास्कची कड कितीही मऊ केली तरी प्रिंट मोठी केल्यावर चेहऱ्याचा भाग गुळगुळीत दिसेल.

राजारामपुरी_स्टुडिओ

तसेच झाले आहे. 12 × 15 इंची नमुना प्रिंट काढली, तेव्हा कपाळावर मास्कची कड दिसली. चेहऱ्यावर किंचित नॉइज घालून पाहिला. कपाळावर जुळतो, पण गालावर जास्त वाटतो, बहुधा गाल अधिक उजळ असल्यामुळे.

हसण्याच्या दोन प्रती केल्या आहेत: एक जशीच्या तशी आणि एक स्लायडर 5 ने उतरवलेली. मुलगा आणि मुलगी यांचे एकमत होत नाही. दोन्ही प्रती रविवारी वडिलांना दाखवायचे ठरले आहे. उजव्या गालाची कड मात्र अजून माझ्या मनाला खटकते. जुन्या फोटोतली बाह्यरेषा ठेवली आहे, पण तिच्या आतली छटा लग्नातल्या समोरच्या फ्लॅशची आहे आणि जुन्या फोटोत उजेड डावीकडून येतो. ही सावली गालावर रंगवताना ती डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत न्यावी की गालाच्या हाडाशी थांबवावी, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे. रविवारपर्यंत वेळ आहे.

लाल_दिवा

मुलीचा 64 सेंटिमीटरच्या खुणेवरचा फोटो आहे ना? तिला पुन्हा त्याच खुणेवर बसवा, एकच दिवा डावीकडे, जुन्या फोटोत साजाच्या मण्यांवर जिथे चमक पडली आहे त्याच उंचीवर ठेवा, आणि तिच्या गालावर सावली कुठे थांबते ते पाहून तेवढीच रंगवा.